वाटणीपत्राच्या मसुद्याची तपासणी : मिळकतींचे परिशिष्ट व हक्कसोडीची वाक्यरचना

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा गेल्या सात दशकांत शेतीकडून कारखानदारीकडे वळला. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६१ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने प्रथम पिंपरी-भोसरी भागात आणि पुढे खेड तालुक्यात चाकणच्या आसपास जमिनी संपादन केल्या. शहराच्या अंगास १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण निघाले व २०२१ साली ते विसर्जित होऊन महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व महानगरपालिका यांच्याकडे गेले. या घडामोडींचा परिणाम असा झाला की, एकेका शेतकरी कुटुंबाची मिळकत आता केवळ शिवारात राहिलेली नाही. काही भाग शिवारात आहे, काही गावठाणात, काही नगर भूमापनात, आणि काही भाग तर जमीन या स्वरूपात नसून मोबदल्याच्या व परताव्याच्या भूखंडाच्या हक्काच्या स्वरूपात आहे.

अशा कुटुंबात वाटणी होते तेव्हा भावाबहिणींचे मनोमीलन झालेले असते आणि वडीलधाऱ्यांनी तोडही सुचवलेली असते. पुढे मसुदा लिहिणाराकडून टंकलिखित होऊन येतो आणि सह्यांचा दिवस ठरतो. मसुद्यात एखादी चूक राहिली असेल तर ती दुरुस्त करण्याची ही अखेरची सोपी वेळ होय. नोंदणी झाल्यानंतर तीच चूक काढण्यासाठी चूकदुरुस्तीपत्र करावे लागते. त्यावर सर्व पक्षकारांच्या सह्या लागतात, आणि ज्याचा चुकीत लाभ झालेला असतो तो सहीस येत नाही. मग दिवाणी न्यायालयावाचून मार्ग उरत नाही. म्हणून मसुद्याचे दोन भाग शेतकऱ्याने स्वतः व गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या मदतीने वाचून पाहणे अगत्याचे आहे. एक म्हणजे मिळकतींचे परिशिष्ट व दुसरा म्हणजे हक्क सोडल्याचे वाक्य. कायद्याचा सल्ला वकिलाचाच घ्यावा. पण आपल्या शिवाराची माहिती वकिलाला नसते, ती शेतकऱ्यालाच असते.

उदाहरणाचे कुटुंब

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून चाकणजवळच्या एका कल्पित हिंदू कुटुंबाचे उदाहरण घेऊ. वडील २०१६ साली मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे व दोन विवाहित मुली आहेत. वडिलांची आई आधीच निवर्तली आहे. मिळकत वडिलोपार्जित असून पूर्वी कधी वाटणी झालेली नाही. मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी वारसा कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात तिचा अर्थ निश्चित केला. त्यानुसार या कुटुंबात पाचही जणांचा हिस्सा समान, म्हणजे प्रत्येकी एकपंचमांश येतो. ही गोष्ट मनात पक्की ठेवून मसुदा वाचावयाचा आहे. कारण कोण किती सोडतो हे समजण्यासाठी आधी कोणाजवळ किती आहे हे ठाऊक पाहिजे.

ठरलेली तोड अशी : जमीन दोघा भावांनी सारखी घ्यावी, घर थोरल्याकडे राहावे व त्याबदली दुसरा एक लहान गट धाकट्याला मिळावा. आईने व बहिणींनी जमिनीवरील हक्क मोबदला न घेता सोडावा. परंतु संपादन झालेल्या जमिनीबद्दल जे काही पुढे मिळेल ते पाचही जणांनी सारखे घ्यावे.

मसुद्याच्या परिशिष्टात मात्र पुढीलप्रमाणे लिहून आले :

गट क्रमांक २१४, क्षेत्र १ हेक्टर ६२ आर. पैकी पूर्वेकडील ८१ आर थोरल्याकडे व पश्चिमेकडील ८१ आर धाकट्याकडे.
गट क्रमांक ८७, क्षेत्र ० हेक्टर ८० आर, संपूर्ण धाकट्याकडे.
गावठाणातील राहते घर थोरल्याकडे.

कागदावर पाहता धाकट्याला १ हेक्टर ६१ आर मिळतात व थोरल्याला ८१ आर आणि घर. वाचणाऱ्यास वाटावे की, धाकट्याचेच भले झाले. प्रत्यक्षात काय होते ते पाहू.

परिशिष्ट उताऱ्याशी ताडून पाहणे

पहिले काम असे की, परिशिष्टातील प्रत्येक नोंदीसमोर तिचा चालू उतारा ठेवावा. शेतजमिनीसाठी सात-बारा, खातेदाराच्या एकूण जमिनीसाठी आठ-अ, नगर भूमापन झालेल्या भागासाठी मिळकत पत्रिका, आणि जेथे ती झालेली नाही अशा गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ. उतारा अलीकडे काढलेला, डिजिटल सहीचा किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या सहीचा असावा. घरातल्या पेटीत ठेवलेला जुना उतारा उपयोगाचा नाही, कारण पुष्कळ मसुदे त्यावरूनच उतरवलेले असतात व चूक तेथेच शिरते.

आपल्या उदाहरणात असेच झाले. गट २१४ चे मूळ क्षेत्र १ हेक्टर ६२ आर खरेच होते. पण त्यापैकी पश्चिम बाजूचे ६० आर औद्योगिक क्षेत्रासाठी संपादन झाले असून फेरफाराने ते कमी झाले आहेत. चालू सात-बारावर शिल्लक क्षेत्र १ हेक्टर २ आर एवढेच आहे. त्यात पोटखराब्याचे ६ आर असल्याने लागवडीयोग्य ९६ आर राहतात. आता पश्चिमेकडील ८१ आर धाकट्याला दिले, तर त्यातील ६० आर आधीच गेलेले आहेत. त्याच्या हाती २१ आर उरतात. थोरल्याचे पूर्वेकडील ८१ आर मात्र जसेच्या तसे आहेत, आणि शिवाररस्ता व विहीर दोन्ही पूर्वेसच आहेत.

ही चूक ओळखण्याची रीत साधी आहे. प्रत्येक गटाखाली वाटून दिलेल्या क्षेत्रांची बेरीज करावी व ती चालू सात-बारावरील क्षेत्राशी जुळते का पाहावे. ८१ अधिक ८१ म्हणजे १६२. सात-बारा म्हणतो १०२. साठाचा फरक येताच फेरफाराचा क्रमांक काढून तो वाचावा, म्हणजे जमीन कोठे व कशी गेली ते समजते. बेरीज करताना एकके सारखी धरावीत. आर म्हणजे १०० चौरस मीटर व गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. फरक थोडा असला तरी एके ठिकाणी गुंठे व दुसऱ्या ठिकाणी आर लिहिल्यास मोठ्या क्षेत्रात बेरीज जुळत नाही आणि पुढे बांधाची तक्रार उभी राहते.

दुसरी नोंद गट ८७ ची. सात-बारावर क्षेत्र ८० आर आहे खरे, पण नावे पाहिली तर त्यात चुलत घराण्याचेही नाव निम्म्याने आहे. म्हणजे या कुटुंबाकडे ४० आर एवढाच अविभक्त हिस्सा आहे. जे आपले नाही ते वाटून देता येत नाही. चुलत घराणे या दस्तात पक्षकारच नसल्याने त्यांच्यावर हा दस्त बंधनकारकही होत नाही. म्हणून धाकट्याला खरोखर मिळणारे क्षेत्र २१ अधिक ४०, एकूण ६१ आर. कागदावरील १ हेक्टर ६१ आर नव्हे. सात-बारा वाचताना क्षेत्राच्या आकड्याइतकेच भोगवटादारांच्या नावांकडे व हिश्श्याकडे लक्ष दिले पाहिजे, ते याच कारणाने.

तिसरी पाहणी इतर हक्कांच्या रकान्याची. तेथे विविध कार्यकारी सहकारी सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा, कुळाची नोंद किंवा संपादनाची सूचना असू शकते. बोजा असेल तर तो कोणी फेडावयाचा हे दस्तात लिहावे. भावांनी आपसात काही ठरवले म्हणून बँकेचा हक्क कमी होत नाही. पण कोणी किती भरावे याचा पुरावा तरी राहतो.

चतुःसीमा, रस्ता व पाणी

गट नंबर व क्षेत्र लिहिले म्हणजे वर्णन पुरे झाले असे नाही. नोंदणी कायद्याप्रमाणे मिळकत ओळखता येईल एवढे वर्णन दस्तात असावे लागते. अखंड गट असेल तर गट नंबर व गावाचे नाव यावरून तो ओळखता येतो. परंतु गटाचा तुकडा दिला असेल तर चारही दिशांच्या हद्दी लिहून शक्य तो नकाशा जोडणे हाच मार्ग. “पूर्वेकडील निम्मा” हे शब्द पुरेसे नाहीत, कारण पूर्वेची रेषा कोठून धरावयाची हे त्यांतून ठरत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी करून घेतली व मोजणी नकाशा दस्तास जोडला, तर पुढील वादाचा मोठा भाग टळतो. हिश्श्यांचे क्षेत्र तुकडेबंदी कायद्याने ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी होत नाही ना, हेही मोजणीआधी तहसील कार्यालयात विचारून घ्यावे.

आपल्या उदाहरणात शिल्लक १ हेक्टर २ आरांचे पूर्व-पश्चिम भाग केले, तर पश्चिमेकडच्या भागास रस्ता राहत नाही. रस्ता पूर्वेस असल्याने गटाचे उत्तर व दक्षिण असे भाग पाडले की दोन्ही भाग रस्त्यास लागतात, आणि प्रत्येकास ५१ आर येतात. विहीर उत्तर भागात राहील. म्हणून दस्तात असे लिहावे की, विहीर, तिच्यावरील वीजपंप व पाइपलाइन यांत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा आहे, पाण्याची पाळी अमुक दिवसांची आहे, आणि पाइपलाइन उत्तर भागातून नेण्याचा व दुरुस्तीसाठी जाण्यायेण्याचा दक्षिण भागाच्या मालकास हक्क आहे. विहिरीविषयी दस्तात काहीच लिहिले नाही, तर ज्याच्या जमिनीत विहीर तो ती आपली म्हणू लागतो व दुसऱ्याच्या पिकाचे पाणी तुटते.

परिशिष्टात नसलेली मिळकत

परिशिष्टात काय आहे हे पाहिल्यावर काय नाही हेही पाहावे. औद्योगिक पट्ट्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त सुटते. संपादनात गेलेली जमीन सात-बारावर दिसत नाही, म्हणून मसुदा लिहिणारा ती धरत नाही. पण त्या जमिनीमागे हक्क उरलेले असू शकतात : न्यायालयात प्रलंबित असलेला वाढीव मोबदल्याचा दावा, किंवा मूळ मालकास विकसित भूखंड परत देण्याची योजना. नवनगर प्राधिकरणाच्या क्षेत्रातील मूळ मालकांचा साडेबारा टक्के परतावा सर्वांच्या परिचयाचा आहे. औद्योगिक संपादनात काही ठिकाणी १५ टक्के विकसित भूखंडाची तरतूद असते.

आपल्या कुटुंबाच्या संपादनास १५ टक्के लागू आहेत असे धरू. ६० आर म्हणजे ६,००० चौरस मीटर; त्याचे १५ टक्के म्हणजे ९०० चौरस मीटरचा भूखंड. पाच जणांत प्रत्येकी १८० चौरस मीटर येतात. दोघी बहिणींचे मिळून ३६० चौरस मीटर. कारखान्यांच्या शेजारचा विकसित भूखंड असल्याने हा हिस्सा शेतातील हिश्श्याहून मोलाचा ठरू शकतो. हा हक्क परिशिष्टात स्वतंत्र नोंद म्हणून लिहावा : संपादन प्रकरणाचा क्रमांक, निवाड्याची तारीख, संपादित क्षेत्र, दाव्याचा क्रमांक असल्यास तो, आणि पाच जणांचे हिस्से.

हक्कसोडीचे वाक्य

आता मसुद्याचे दुसरे अंग. आई व बहिणींच्या तोंडी पुढील वाक्य घातलेले होते :

“आम्ही क्रमांक ३ ते ५ यांनी वर नमूद मिळकतींवरील, तसेच कुटुंबाच्या इतर सर्व ज्ञात व अज्ञात मिळकतींवरील आणि त्यांपासून आज अगर पुढे मिळणाऱ्या सर्व लाभांवरील आमचा हक्क क्रमांक १ यांचे लाभात कायमचा सोडला असून त्याचा योग्य तो मोबदला आम्हांस भरून पावला आहे.”

ऐकण्यास हे वाक्य नेहमीचे वाटते. ते तुकड्या-तुकड्याने वाचले म्हणजे त्याचा परिणाम ध्यानात येतो.

“इतर सर्व ज्ञात व अज्ञात मिळकती” आणि “पुढे मिळणारे सर्व लाभ” या शब्दांत परताव्याचा भूखंड व वाढीव मोबदला दोन्ही येतात. परिशिष्टात ते लिहिलेले नव्हते, पण या वाक्याने ते गेले असे म्हणण्यास समोरच्याला आधार मिळतो. बहिणींच्या मनात जमीन सोडण्याचे होते, भूखंड सोडण्याचे नव्हते. म्हणून हक्कसोड परिशिष्टातील ठराविक नोंदींपुरतीच मर्यादित असावी व नोंदीचा क्रमांक वाक्यात यावा.

“क्रमांक १ यांचे लाभात” हे शब्द तितकेच महत्त्वाचे. क्रमांक १ म्हणजे थोरला. तिघींचे तीनपंचमांश त्याच्या एकट्याच्या नावे सुटले, तर त्याच्याकडे चारपंचमांश होतात व धाकट्याकडे एकपंचमांशच राहतो. दस्ताच्या एका भागात भावांना जमीन सारखी दिली आहे व दुसऱ्या भागात हक्क एकट्यालाच सोडला आहे, असा विरोध उत्पन्न होतो. फेरफाराच्या वेळी अशा विरोधावर हरकत निघाली की नोंद अडकते. हक्क कोणाच्या लाभात व कोणत्या प्रमाणात सोडला हे नावानिशी लिहावे.

“मोबदला भरून पावला” हे शब्द येथे वस्तुस्थितीस सोडून आहेत, कारण मोबदला द्यावयाचा ठरलाच नव्हता. आणि जेथे तो ठरलेला असतो पण पुढे द्यावयाचा असतो, तेथे “पावला” लिहून सही केल्यास बहिणीला तो मागणे कठीण जाते. मोबदला नसेल तर “विनामोबदला” लिहावे. असेल तर रक्कम, दिल्याची तारीख व धनादेशाचा क्रमांक लिहावा. बाकी असेल तर बाकी म्हणून लिहावे. वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क जवळच्या नातलगांच्या लाभात सोडण्यास मुद्रांकाची सवलत आहे. परंतु मिळकत वडिलोपार्जित नसेल किंवा नाते दूरचे असेल तर आकारणी निराळी होते. म्हणून नाते व मिळकतीचा प्रकार दस्तात स्पष्ट असावा, आणि चालू दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा.

राहिला “सोडला असून” हा भूतकाळ. काही मसुद्यांत सर्व क्रियापदे मुद्दाम भूतकाळी लिहितात व नोंदणी टाळतात. आधी तोंडी झालेल्या कौटुंबिक व्यवस्थेची केवळ आठवण म्हणून लिहिलेल्या टिपणास नोंदणी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली काळे यांच्या खटल्यात म्हटले, हे खरे. पण त्याच निर्णयाप्रमाणे, जो कागद स्वतःच हक्क निर्माण करतो किंवा नष्ट करतो त्यास नोंदणी आवश्यक आहे. आज बसून आज हक्क सोडला जात असेल, तर नुसत्या भूतकाळी क्रियापदाने कागद टिपण होत नाही. तसा कागद नोंदणीवाचून राहिला, तर मिळकतीवरील हक्काचा पुरावा म्हणून तो न्यायालयात स्वीकारला जात नाही. म्हणून “या दस्ताने सोडत आहोत” असे सरळ लिहून, सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस द्यावा.

या सर्व दुरुस्त्या केल्यावर वाक्य असे होईल :

“आम्ही क्रमांक ३, ४ व ५ परिशिष्ट ‘अ’ मधील नोंद १ (गट २१४, शिल्लक क्षेत्र १ हेक्टर २ आर), नोंद २ (गट ८७ मधील कुटुंबाचा ४० आर अविभक्त हिस्सा) व नोंद ३ (गावठाणातील घर) यांवरील आमचा हक्क, त्या त्या नोंदीसमोर दर्शवलेल्या वाटणीप्रमाणे क्रमांक १ व २ यांच्या लाभात, विनामोबदला, या दस्ताने सोडत आहोत. परिशिष्ट ‘ब’ मधील वाढीव मोबदला व परताव्याचा भूखंड यांतील आमचा प्रत्येकी एकपंचमांश हक्क आम्ही सोडलेला नाही. क्रमांक ३ यांस नोंद ३ च्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील.”

अखेरचे वाक्य आईसाठी आहे. घर थोरल्याच्या नावे होत असताना तिचा राहण्याचा हक्क लिहून ठेवला नाही, तर तो मुलाच्या मर्जीवर राहतो.

सहीपूर्वीचे वाचन

मसुदा दुरुस्त होऊन आल्यावर तो सर्व पक्षकारांच्या समोर मोठ्याने वाचावा. सासरी असलेल्या बहिणींना निदान चार दिवस आधी प्रत पाठवावी. वाचताना परिशिष्टाची बेरीज सात-बाराशी, नावे सात-बाराशी व आधार ओळखपत्राशी, आणि हक्कसोडीतील नोंद क्रमांक परिशिष्टाशी पुन्हा ताडून पाहावेत. पुष्कळदा दुरुस्ती मुख्य मजकुरात होते व परिशिष्टात जुनाच आकडा राहतो. प्रत्येक पानावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात, परिशिष्टाच्या व नकाशाच्या पानावरसुद्धा.

नोंदणीनंतर फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते, व हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. नवा सात-बारा हाती येताच आपल्या हिश्श्याचे क्षेत्र दस्ताप्रमाणे आले आहे की नाही हे त्याच दिवशी पाहावे. कुटुंबात अज्ञान वारस असेल, मिळकतीवर दावा चालू असेल किंवा जमिनीस विक्रीबंदीची शर्त असेल, तर वरील तपासणी पुरेशी नाही. अशा वेळी सहीचा दिवस पुढे ढकलून आधी वकिलाचे मत घ्यावे. चार दिवसांचा उशीर परवडतो. पण ६० आर नसलेल्या जमिनीची वाटणी एकदा नोंदली गेली की तिचे ओझे पुढच्या पिढीवर पडते.